चपला दाराबाहेर का?
(बावधन येथील पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे एका चपलेची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट लहान आहे, पण तिने माझ्यासारख्या बी.ए., बी.एड. झालेल्या शिक्षकाला आपले अज्ञान दाखवून दिले, म्हणून ती सांगण्यासारखी आहे.

गेल्या पावसाळ्यात इयत्ता चौथीतला एक मुलगा दोन शुक्रवार जुम्म्याच्या नमाजला गेला नाही. वडिलांनी विचारले तर पोट दुखते म्हणाला. तिसऱ्या शुक्रवारीही त्याचे पोट दुखू लागले, तेव्हा वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. मी त्याला एकट्याला जवळ बसवून विचारले. बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, "सर, माझी नवी चप्पल मस्जिदीच्या दारातून गेली. अब्बांनी पगार झाल्यावर घेतली होती. मी अब्बांना सांगितले की ती नदीत वाहून गेली."

आपल्या बावधनजवळून वाहणारी रामनदी पावसाळ्यात असे पुष्कळ आळ अंगावर घेत असते. मी काही बोलणार तोच त्याने पुढचा प्रश्न केला. "सर, चप्पल बाहेर काढायचीच कशाला? मी ती सकाळीच साबणाने धुतली होती. माझे पाय चपलेपेक्षा घाण होते. मग घाण पाय आत आणि स्वच्छ चप्पल बाहेर, असे का?"

मी सवयीप्रमाणे उत्तर दिले, "अरे, ते अल्लाहचे घर आहे. चप्पल घालून आत गेले तर गुनाह होतो. आपल्या पैगंबर साहेबांनी शिकवले आहे."

पालकहो, मुलांच्या प्रश्नाला आपण असेच उत्तर देतो. त्यात वजन असते, पण माहिती नसते. त्या रात्री मनात आले की आपण पैगंबर साहेबांचे नाव घेऊन एक विधान केले खरे, पण ते कोठे वाचले आहे? म्हणून मी ओळखीच्या एका मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी हसत हसत हदीसचा ग्रंथ उघडून माझ्यापुढे ठेवला, आणि मी सांगितलेले उत्तर चुकीचे निघाले.

सहीह बुखारीत अशी नोंद आहे की हजरत अनस यांना कोणीतरी विचारले, पैगंबर साहेब (स.) वहाणा घालून नमाज पढत असत काय? त्यांनी उत्तर दिले, होय. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात याहून सविस्तर प्रसंग आहे. तो हजरत अबू सईद खुदरी यांनी सांगितला आहे. पैगंबर साहेब आपल्या साथीदारांबरोबर नमाज पढवीत होते. नमाज चालू असतानाच त्यांनी पायांतल्या वहाणा काढून डाव्या बाजूला ठेवल्या. ते पाहून मागे उभ्या असलेल्या सर्वांनी आपापल्या वहाणा काढल्या. नमाज संपल्यावर पैगंबर साहेबांनी विचारले, तुम्ही वहाणा का काढल्या? ते म्हणाले, आपण काढल्यात म्हणून आम्हीही काढल्या. तेव्हा त्यांनी सांगितले की माझ्या वहाणांना घाण लागली असल्याचे हजरत जिब्रील यांनी मला कळवले, म्हणून मी त्या काढल्या. पुढे त्यांनी नियम घालून दिला, की मस्जिदीत येणाऱ्याने आधी आपल्या वहाणा पाहाव्यात, त्यांना घाण लागलेली दिसली तर ती पुसून टाकावी आणि मग त्या घालून नमाज पढावी.

आता यातील बारकावा पाहा. साथीदारांनी वहाणा काढल्या, यात अनुकरण होते. पैगंबर साहेबांनी त्यांना रागावले नाही, पण कारण विचारले आणि खरे कारण समजावून दिले. कारण चप्पल नव्हती, चपलेला लागलेली घाण होती. मी मात्र माझ्या विद्यार्थ्याला चप्पल हीच पाप आहे असे सांगून बसलो होतो.

मग आज आपण सगळेच चपला बाहेर का काढतो? याचे उत्तर मला जमिनीने दिले.

मदीनेतली पैगंबर साहेबांची मस्जिद कशी होती ते डोळ्यांपुढे आणा. विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब, वर खजुराच्या फांद्यांचे छप्पर आणि खाली उघडी जमीन. सतरंजी नाही, फरशी नाही. पाऊस आला तर छप्पर गळे आणि खाली चिखल होई. हजरत इब्ने उमर यांनी सांगितले आहे की एका रात्री पाऊस पडून जमीन ओली झाली, तेव्हा लोक कपड्यांत खडे भरून आणू लागले आणि आपल्या उभे राहण्याच्या जागी ते पसरू लागले. पैगंबर साहेबांना ते आवडले. अशा वाळू-खड्यांच्या जमिनीवर वहाण घालून उभे राहिले काय किंवा अनवाणी उभे राहिले काय, जमिनीला फारसा फरक पडत नव्हता. शिवाय तो कोरड्या मातीचा मुलूख. चालता चालता वहाणेचा तळ कोरड्या मातीवर घासला जाई. माती वहाणेची घाण दूर करते, असेही हदीसमध्ये आलेले आहे.

पुढे मस्जिदींत चटया आल्या, सतरंज्या आल्या, गालिचे आले, फरशी आली. आणि आपल्या मुळशीच्या बाजूला तर चार महिने पाऊस. येथे कोरडी वाळू कोठली? लाल-काळा चिखल, गोठ्यापुढचे शेण, रस्त्याकडेचे सांडपाणी, यांतून आलेली चप्पल मातीवर घासली तर ती आणखीच भरते. सतरंजी अशी वस्तू आहे की तिच्यावर पडलेले पाऊल तेथेच राहते. वाळू वाऱ्याने उडते, खडे बदलता येतात, पण सतरंजी रोज धुता येत नाही. नियम तोच राहिला की नमाजची जागा पाक हवी. फक्त जमीन बदलली, म्हणून तो नियम पाळण्याची रीत बदलली.

हे मी मुलाला शब्दांनी सांगितले तर त्याला पटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात एक प्रयोग केला. तो आपणही घरी करू शकाल.

एक गडद रंगाची सतरंजी वर्गात अंथरली. बाहेर ओसरीवर खडूची पूड टाकली आणि तिच्यावर थोडे पाणी शिंपडले. त्या मुलाला म्हटले, "ही पूड म्हणजे रस्त्यावरची घाण समज. तू चप्पल घालून यावरून चाल आणि सतरंजीवर ये." तो चालत आला. सतरंजीवर पांढरे ठसे उठले. मग दुसऱ्या एका मुलाला तेथेच सजदा करायला सांगितला. तो उठला तेव्हा त्याच्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग होता. वर्ग हसला. चप्पल घातलेला मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "सर, घाण माझ्या चपलेची आणि डाग त्याच्या कपाळाला."

मला जे सांगायचे होते ते त्याने एका वाक्यात सांगितले.

'मस्जिद' या शब्दाचा अर्थच मुळी सजद्याची जागा असा आहे. सजद्यात शरीराचे सात भाग जमिनीला टेकतात. कपाळ नाकासह, दोन हात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे. दिवसभराच्या पाच फर्ज नमाजांचा हिशेब मुलांनी फळ्यावर केला. फजरच्या दोन रकात, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन आणि इशाच्या चार, मिळून १७. प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे ३४. सुन्नत आणि नफल सोडले तरी माणसाचे कपाळ दिवसातून ३४ वेळा जमिनीला लागते. आणि ते कोठे लागते? जमातीत रांगा एकामागे एक असतात. पुढच्या रांगेतला माणूस जेथे टाचा टेकून उभा असतो, त्याच्या किंचित मागेच आपले कपाळ येते. नमाज संपल्यावर लोक उठून जातात तेव्हा त्याच जागेवरून चालत जातात. म्हणून मस्जिदीत सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे तेथील जमीन. जे आपण पायाखाली घालतो तेच तेथे दुसऱ्याच्या कपाळाखाली येते.

याचा पुरावा आपल्याला जनाजाच्या नमाजमध्येही सापडतो. त्या नमाजमध्ये रुकू नाही, सजदा नाही. ती सगळी उभ्यानेच होते. म्हणून मैदानात किंवा कब्रस्तानाजवळ जनाजाची नमाज होते तेव्हा पुष्कळ लोक चपला घालून किंवा चपला काढून त्यांच्यावरच उभे राहतात. मुले हे पाहतात आणि गोंधळतात. त्यांना कारण सांगा. तेथे कपाळ जमिनीला लागत नाही. मात्र तेथेही एक अट आहे. चप्पल पायांत ठेवली तर तिचा तळ पाक हवा आणि खालची जागाही पाक हवी. चप्पल काढून तिच्यावर उभे राहिले तर चपलेचा वरचा भाग पाक असला की पुरे.

आता त्या मुलाच्या इतर शंकांकडे येतो. त्याची पहिली तक्रार होती की चप्पल स्वच्छ आणि पाय घाण. त्याचे उत्तर वजूत आहे. पाय आपण दारातच धुतो, घोट्यांसकट आणि बोटांच्या फटींसकट. चपलेचा तळ कोणी तसा धूत नाही, आणि सकाळी धुतली तरी घरापासून मस्जिदीपर्यंतच्या वाटेवर तिने काय काय तुडवले ते आपल्याला दिसत नाही. आम्ही प्रयोगाचा दुसरा भाग केला. तोच मुलगा पाय धुऊन, पुसून सतरंजीवर चालला. ठसा उठला नाही. मग मी त्याला ओल्या पायांनी ओसरीवरच्या खडूच्या पुडीतून यायला सांगितले. या वेळी ठसे उठले, आणि ते चपलेच्या ठशांहूनही ठळक होते. ओला पाय कोरड्या पायापेक्षा जास्त घाण उचलतो. आपल्याकडे नेमकी येथेच चूक होते. वजूखाना आणि सतरंजी यांच्यामध्ये चपलांनी तुडवलेला भाग असेल, तर पाय धुऊन केलेली सगळी मेहनत त्या चार पावलांत वाया जाते. म्हणून चपला काढण्याची जागा वजूखान्याच्या अलीकडे हवी, आणि शौचालयासाठी वेगळ्या चपला ठेवून त्या तेथेच राहिल्या पाहिजेत. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. सतरंजीच्या दाराकडच्या कडेवर पांढरे फडके दाबून पाहावे. ते मळले तर वाट चुकीची आहे.

येथे एक भेद मुलांना समजावून द्यावा. मळ आणि नापाकी एक नव्हे. शेतातली माती अंगाला लागली तर माणूस मळतो, नापाक होत नाही. वजूला पाणी नसेल तेव्हा आपण मातीवरच तयम्मुम करतो. उलट लघवीचा वाळलेला थेंब डोळ्यांना दिसत नाही, पण तो नापाक असतो. चप्पल दोन्ही गोष्टी घेऊन येते आणि तिच्या तळावर काय आहे हे आपण ठरवू शकत नाही. म्हणून ती बाहेर ठेवणे हाच सावधपणा.

त्याची दुसरी शंका शेजारच्या मित्राकडून आली होती. तो मित्र हिंदू. त्याने सांगितले होते की देवळात चामड्याची वस्तू चालत नाही, म्हणून चप्पल बाहेर काढतात. आमचा विद्यार्थी लगेच म्हणाला, "सर, मग माझी चप्पल तर रबराची आहे!"

तर्क चोख होता, पण तो दुसऱ्या घरचा होता. देवळात चामडे नेऊ नये ही भावना पुष्कळ ठिकाणी आहे. जैन मंदिरांत तर चामड्याचा पट्टा आणि पाकीटही बाहेर ठेवतात. मेलेल्या जनावराची कातडी शुद्ध जागेत नको, जीवहिंसेचा स्पर्श नको, असा त्यामागचा विचार आहे. आपल्याकडे मात्र कमावलेले चामडे पाक मानले जाते, डुकराचे कातडे सोडून. चामड्याचे मोजे, ज्यांना खुफ्फ म्हणतात, ते वजू करून घातले तर घरी असताना एक दिवस-रात्र आणि प्रवासात तीन दिवस-रात्री पाय धुण्याऐवजी त्यांच्यावरून ओला हात फिरवला तरी चालतो, आणि ते घालून मस्जिदीत नमाजही पढता येते. म्हणजे आपल्याकडे अडचण चामड्याची नाही. चप्पल रबराची असो, प्लॅस्टिकची असो, प्रश्न तिच्या तळाचा आहे.

कृती दोघांची एक, कारणे वेगळी. याचे आणखी एक उदाहरण आपल्याच मातीतले आहे. मुळशी भागातल्या जुन्या घरांत जमीन शेणाने सारवीत. आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या दृष्टीने सारवलेली जमीन ही सर्वांत शुद्ध. आपल्या बहुतेक उलेमांच्या मते शेण नापाक, म्हणून त्या जमिनीवर थेट सजदा नाही. पण सारवण वाळले आणि वर स्वच्छ, जाड चटई घातली की नमाज होते. आपले किती तरी वडीलधारे शेजाऱ्याच्या पडवीत अशी नमाज पढले असतील. एकाच जमिनीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी. पण त्या घरात शिरताना दोघेही वहाणा उंबऱ्याबाहेरच काढीत.

मुलगा येथेच थांबला नाही. आषाढी वारीत आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते, ती त्याने पाहिली होती. तो म्हणाला, "सर, चपला जर बाहेर ठेवायच्या, तर पालखीत पादुका का ठेवतात?" मी सांगितले की त्या पादुका रस्त्यावरून चालण्यासाठी नाहीत, त्या संतांच्या पावलांची आठवण आहेत. आपल्याकडेही पैगंबर साहेबांच्या पादत्राणांच्या आकृतीची, नालैनची, नक्षी काही लोक आदराने घरात लावतात. चप्पल ही वस्तू हीन नाही. ती रस्त्याची सोबतीण आहे आणि तिने रस्ता घेऊन आत यायचे नाही, एवढेच.

आता अदब. कारण सगळेच स्वच्छतेत संपत नाही. कुरआन शरीफच्या सूरह ताहामध्ये हजरत मूसा यांची हकिकत आहे. तुवा नावाच्या पवित्र खोऱ्यात त्यांना आग दिसली. ते जवळ गेले तेव्हा त्यांना आज्ञा झाली की पायांतल्या वहाणा काढ. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथातही ही हकिकत आहे. आज्ञेचे कारण काय, यावर आपल्या मुफस्सिरांनी विचार केला आहे. काही म्हणाले की त्या वहाणा न कमावलेल्या गाढवाच्या कातड्याच्या होत्या, म्हणून काढायला सांगितल्या. काही म्हणाले की त्या जमिनीची बरकत थेट तळव्यांना लागावी म्हणून. आणि काही म्हणाले की थोरांपुढे नम्रतेने उभे राहावे म्हणून. मला यांत भांडण दिसत नाही. पहिले कारण स्वच्छतेचे, दुसरे जवळिकीचे, तिसरे अदबीचे.

पण अदब दाखवण्याची रीत मुलुखागणिक बदलते, हेही मुलांना सांगावे, नाही तर ती दुसऱ्याला हसायला शिकतात. युरोपात ख्रिस्ती पुरुष चर्चमध्ये शिरताना टोपी काढतो आणि बूट ठेवतो. आपण टोपी घालतो आणि जोडे काढतो. कोचीनच्या जुन्या ज्यू प्रार्थनालयात लोक अनवाणी जातात, तर इतर देशांतले ज्यू बूट घालून जातात. नांदेडच्या हजूर साहेब गुरुद्वारात डोके झाकून आणि जोडे काढून जावे लागते. गुरुद्वारात येणाऱ्यांचे जोडे सांभाळणे आणि पुसणे ही सेवा मानली जाते आणि चांगले सुस्थितीतले लोक ती हौसेने करतात. हे शेवटचे मी लक्षात ठेवले, कारण आमच्या मुलाची चप्पल गेली होती.

मौलाना साहेबांकडून शिकलेला दारातला क्रम मी वर्गाला करून दाखवला. जोडा घालताना उजवा आधी आणि काढताना डावा आधी, अशी हदीस आहे. मस्जिदीत पाऊल टाकायचे ते उजवे. मुलांना हे कोडे वाटते, की डावा जोडा आधी काढला तर डावा पाय आधी आत जाणार नाही का? याची युक्ती अशी. डावा पाय जोड्यातून काढा आणि त्याच जोड्यावर टेकवून ठेवा. मग उजवा जोडा काढा आणि उजवा पाय सरळ आत टाका. त्यामागून डावा. बाहेर पडताना उलट. डावा पाय आधी बाहेर काढून डाव्या जोड्यावर टेकवा, मग उजवा जोडा घाला आणि शेवटी डावा. असे केले म्हणजे दोन्ही सुन्नती पाळल्या जातात आणि मोकळा पाय बाहेरच्या ओल्या जमिनीला कोठेच लागत नाही. चपला आत नेऊन जवळ ठेवायच्याच असतील तर पिशवीत घालून आपल्या दोन पायांमध्ये ठेवाव्यात. शेजाऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवू नयेत. हीदेखील पैगंबर साहेबांचीच शिकवण आहे, आणि तिचे कारण पुन्हा तेच, आपल्या चपलेचा त्रास दुसऱ्याला नको.

आता शेवटी चपलेचे काय झाले ते सांगतो. मी मुलाला म्हटले, "तुला कारण समजले. आता अब्बांना खरे सांग." तो घाबरला. आम्ही दोघे मिळून त्याच्या घरी गेलो. सगळे ऐकल्यावर वडील थोडा वेळ गप्प बसले. मग मला म्हणाले, "गुरुजी, चप्पल गेली त्याचे काही नाही. पण हा माझ्याशी खोटे बोलला, कारण मी रागावेन असे त्याला वाटले. आणि दारात चपला काढायला सांगताना मीही याला कधी कारण सांगितले नव्हते." अम्मीने आतून विचारले, "पण गेली कुठे म्हणायची चप्पल?" त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

त्यानंतरच्या शुक्रवारपासून चौथीच्या मुलांनी एक काम अंगावर घेतले आहे. पुठ्ठ्याचे ६० चौकोन कापून प्रत्येक क्रमांकाचे दोन बिल्ले केले. नमाजीने जोडी दिली की एक बिल्ला सुतळीने चपलेला बांधायचा आणि दुसरा त्याच्या हातात द्यायचा. पहिल्या दिवशी घोटाळा झाला. पाऊस आला, पुठ्ठा भिजला आणि आकडे पुसले. दुसऱ्या आठवड्यात मुलांनी पत्र्याचे बिल्ले केले. पाळीपाळीने दोन मुले फर्ज नमाजपुरती आत जातात तेव्हा मोठ्यांपैकी एक जण दारात बसतो. अजून कधी कधी जोड्या अदलाबदल होतात, पण नवी चप्पल गेल्याची तक्रार आलेली नाही.

तो मुलगा दर शुक्रवारी येतो. पायांत जुनीच चप्पल असते. परवा एक म्हातारे गृहस्थ घाईत चप्पल घालूनच सतरंजीपर्यंत आले. मुलगा धावत गेला आणि हळूच म्हणाला, "चाचा, चप्पल मला द्या. तिथे कुणाचे तरी कपाळ लागणार आहे."

पालकहो, मी आपला फार वेळ घेतला. उद्या आपल्या मुलाने दारात उभे राहून हाच प्रश्न विचारला, तर त्याला तेवढेच सांगा.